मेंदूतला पू काढला, तरी सहा आठवडे शिरेतून औषध कशासाठी?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. इथे डॉक्टर आणि या अनुभवातून गेलेले बरेच जण आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

धाकटा भाऊ, वय 26. डावा कान लहानपणापासून अधूनमधून वाहतो, वासही येतो. दिवाळीनंतर कान वाहायचा एकदम थांबला आणि डोकं दुखायला लागलं. रात्री जास्त, सकाळी उलटी. ताप एकच दिवस, तोही जेमतेम. गावातल्या डॉक्टरांनी अर्धशिशीच्या गोळ्या दिल्या. आठवड्याभरात बोलताना शब्द अडकायला लागले. आईने हातात किल्ली देऊन विचारलं, हे काय आहे? तर म्हणाला, "ते... दार उघडायचं." कशाला लागतं ते सांगता येत होतं, नाव येत नव्हतं. त्याच रात्री फिट आली, तशी मिरजेला नेला.

आधी सीटी, मग एमआरआय. डाव्या टेम्पोरल भागात 3.8 सेंटिमीटरचं गळू. दुसऱ्या दिवशी कवटीला लहानसं भोक पाडून सुईने साधारण 20 मिली पू काढला. कल्चरमध्ये प्रोटियस नावाचा जंतू आला. सेफ्ट्रिॲक्सोन 2 ग्रॅम दिवसातून दोनदा आणि मेट्रोनिडॅझोल 500 मिलिग्रॅम तीनदा, दोन्ही शिरेतून चालू आहे.

आता तिसरा आठवडा संपतोय. भाऊ चालतो, जेवतो, बहुतेक शब्द परत आलेत. नव्या एमआरआयमध्ये गळू 1.6 सेंटिमीटर आहे, पण भोवतीची पांढरी कडी अजून दिसते. डॉक्टर म्हणतात, अजून किमान तीन आठवडे. पू निघाला, ताप नाही, मग एवढं लांबवायचं कारण काय? आणि कडी पूर्ण जाईपर्यंत औषध चालवतात का? खर्चाचं बघू, पण आता हाताला शिरा सापडत नाहीत, रोज चार-चार ठिकाणी टोचतात, ते बघवत नाही.

पोळीभाजी
माझ्या नणंदेलाही अर्धशिशी होती, थंड वाऱ्याने वाढायची. कानात कापूस घालून बाहेर पडायचं आणि रात्री लसणाचं कोमट तेल दोन थेंब. तिला खूप फरक पडला.

कानोसा
पोळीभाजी ताई, इथे अर्धशिशीचा प्रश्न नाही. आणि वाहत्या कानात तेल कुणीच घालू नये. पडद्याला भोक असतं, तेल सरळ आत जातं आणि ओल टिकून राहते. (मी कान-नाक-घसा बघते.)

कृष्णाकाठ, घाण वासाचा, न दुखणारा, वर्षानुवर्षं वाहणारा कान म्हणजे बहुतेक कोलेस्टिएटोमा. पडद्याची कातडी आत ओढली जाते, तिची पिशवी होते, तिच्यात मेलेली कातडी साठत राहते आणि ती पिशवी भोवतालचं हाड खाते. मधल्या कानाचं छत म्हणजे अंड्याच्या टरफलाइतकं पातळ हाड. त्याच्या बरोबर वर टेम्पोरल भाग आहे. छत गेलं की वाट मोकळी. मागच्या बाजूने पसरलं तर लहान मेंदूत गळू होतं, मग रुग्णाचा तोल जातो.

कान वाहायचा थांबला म्हणून घरच्यांना बरं वाटतं. पण अशा कानातून पाणी अचानक बंद होऊन डोकं दुखायला लागलं, तर पू बाहेर येण्याऐवजी आत कोंडला असं धरून त्याच दिवशी स्कॅन करायचा.

तर्कशुद्ध
मला एक शंका आहे. आपल्याकडे मेंदूत कडी दिसली की ती टीबीची गाठ नाहीतर टेपवर्मचा किडा, हे ठरलेलं. माझ्या सहकाऱ्याला फिट आली, स्कॅनमध्ये कडी होती, त्याला काही भोकबिक पाडलं नाही. गोळ्यांवर बरा झाला. भावाच्या बाबतीत ऑपरेशनची घाई झाली नाही ना? शिवाय पाठीतलं पाणी काढून तपासलं असतं तर सगळं कळलं असतं.

सावलीरेघ
मी रेडिओलॉजीत आहे, म्हणून याचं उत्तर देते. कडी दिसणाऱ्या आजारांत टीबी आणि किडा आपल्याकडे भरपूर आहेत, ते बरोबर. पण किड्याची कडी बहुधा दोन सेंटिमीटरच्या आत असते आणि पुष्कळदा मध्ये ठिपका दिसतो. इथे 3.8 आहे, खाली सडलेला कान आहे.

आणि आम्ही नुसती कडी बघून ठरवत नाही. एमआरआयमध्ये डिफ्युजन नावाचा एक भाग असतो. पाण्याचे कण किती मोकळे हलतात ते त्यात दिसतं. पू घट्ट असतो, पेशी आणि प्रथिनांनी भरलेला, त्यात पाणी हलू शकत नाही. म्हणून गळवाचा मधला भाग डिफ्युजनवर पांढराशुभ्र आणि जोडीच्या एडीसी नकाशावर काळा येतो. सडलेल्या ट्यूमरलाही अशीच कडी असते, पण त्याच्या पोटातला द्रव पातळ असतो, तिथे बहुतेक वेळा याच्या उलट दिसतं. मी बहुतेक वेळा म्हणते आहे, कारण टीबीचं गळूसुद्धा डिफ्युजनवर पांढरं येऊ शकतं. म्हणूनच काढलेला पू साध्या कल्चरबरोबर टीबीच्या तपासणीलाही पाठवतात. कृष्णाकाठ, तो रिपोर्ट आला का ते विचारा.

दुसरी गोष्ट कडीच्या जाडीची. मेंदूच्या आतल्या पोकळ्यांकडची बाजू बाहेरच्यापेक्षा पातळ असते, कारण तिकडे रक्तपुरवठा कमी. त्यामुळे गळू फुटलं तर ते आत, पाण्याच्या पोकळीत फुटतं. तसं झालं तर जीव वाचवणं फार कठीण असतं. थांबून बघू म्हणायला जागा नसते ती यासाठी.

शल्यकर्मी
सावलीरेघ यांच्याशी सहमत. पाठीतल्या पाण्याबद्दल: एवढं मोठं गळू आणि भोवती सूज असताना खालून पाणी काढलं, तर वरचा दाब मेंदूला खाली ढकलतो. श्वासाचं केंद्र दाबलं जाऊन रुग्ण टेबलावर जाऊ शकतो. आणि एवढं करून त्या पाण्यात जंतू सहसा सापडतही नाही. जंतू पुवात असतो.

आता मूळ प्रश्न. पू काढला म्हणजे गळू रिकामं केलं, मुळासकट काढलं नाही. भोवतीचं जाड आवरण तिथेच आहे. त्या भिंतीत आणि शेजारच्या सुजलेल्या मेंदूत जंतू शिल्लक असतात. आवरणाच्या आत रक्तवाहिन्या नाहीत, म्हणजे औषध तिथे झिरपत झिरपत पोचतं. त्यात मेंदूकडे जाणाऱ्या रक्तातून औषधाचा थोडाच भाग पलीकडे जातो. म्हणून सेफ्ट्रिॲक्सोनचा डोस एवढा मोठा, दिवसाला चार ग्रॅम.

युरोपातल्या संसर्गतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शिकेतही सुईने पू काढलेल्यांना सहा ते आठ आठवडे शिरेतून औषध सुचवलं आहे. आवरणासकट गळू कापून काढलं असेल तर चार आठवड्यांत थांबता येतं. मग भावाचं कापून का नाही काढलं? डाव्या टेम्पोरल भागात भाषा आहे. सुईने काम होत असताना तिथे कुणी कापाकापी करत नाही. लहान मेंदूतलं, कप्पे कप्पे झालेलं, बुरशीचं किंवा आत हाडाचा तुकडा राहिलेला असेल तर हिशेब बदलतो.

आक्का_सिस्टर
बाळा, शिरांचं मी सांगते. तेहतीस वर्षं वॉर्डात काढली आहेत. एवढ्या आठवड्यांचं औषध असेल तर मनगटावरची छोटी सुई कशाला? पिक लाइन टाकायला सांग. दंडातून एक बारीक लांब नळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत सोडतात. एकदाच टोचायचं. आठवड्यातून एकदा ड्रेसिंग, औषधाच्या आधी आणि नंतर सलाईनने नळी धुवायची, अंघोळीला दंडावर प्लास्टिक गुंडाळायचं. दंड सुजला, थंडी वाजून ताप आला किंवा ड्रेसिंगखाली पू दिसला तर लगेच दाखवायचं. नीट असेल तर डॉक्टर घरीसुद्धा सोडतात आणि जवळची सिस्टर येऊन औषध देते.

तर्कशुद्ध
ठीक, पाण्याचं पटलं. पण सिस्टरबाई, घरी सोडायचंच तर गोळ्या का नाहीत? आणि कल्चरमध्ये एकटा प्रोटियस आला ना? मेट्रोनिडॅझोल प्रोटियसवर चालतच नाही. मग ते औषध फुकट चाललंय.

शल्यकर्मी
प्रोटियसवर ते चालत नाही, हे खरं. पण कानातून आलेला पू जवळजवळ नेहमी मिश्र असतो. त्यात हवेशिवाय जगणारे जंतू असतात, बॅक्टेरॉइड्स वगैरे. हवा लागली की ते मरतात. पू नीट बंद करून लगेच प्रयोगशाळेत पोचला नाही तर कल्चरमध्ये येतच नाहीत. पुवाला असह्य घाण वास होता का, हे ऑपरेशन करणाऱ्यांना विचारा. तो वास त्यांचाच. म्हणून रिपोर्टात नाव नसलं तरी मेट्रोनिडॅझोल चालू ठेवतात.

गोळ्यांचं म्हणाल तर मेट्रोनिडॅझोल पोटातून जवळपास पूर्ण शोषलं जातं, ते गोळीने देता येतं. अडचण सेफ्ट्रिॲक्सोनची, त्याची गोळी नाही. दुसऱ्या गोळ्यांवर लवकर वळवून चालेल का, याला अजून पुरेसा पुरावा नाही.

वाटसरू
माझ्या मावसभावाला तीन आठवडे शिरेतून देऊन मग गोळ्यांवर घरी पाठवलं होतं. ठणठणीत आहे.

शल्यकर्मी
काही ठिकाणी तसं करतात आणि काही रुग्ण उत्तम बरे होतात. मी करत नाही. माझ्याकडे मध्येच औषध बदलून पुन्हा भरलेली गळवं आली आहेत. पण माझा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, हेही तितकंच खरं.

गोदाकाठ
हा धागा वाचून राहवलं नाही. आमच्या मुलीला कानाचा काहीच त्रास नव्हता. तिला जन्मापासून हृदयाचा आजार, फॅलो. ओठ आणि नखं निळसर असायची. सहाव्या वर्षी दाढ किडली, दुखायचीही फारशी नाही. मग डोकं दुखायला लागलं, उजवा हात ढिला पडला. मेंदूत दोन गळवं निघाली. तेव्हा डॉक्टरांनी समजावलं की शरीरातून परत आलेलं रक्त फुप्फुसात गाळून मग पुढे जातं. फॅलोमध्ये हृदयातल्या भोकातून काही रक्त फुप्फुसाला वळसा घालून सरळ मेंदूकडे जातं. दातातला जंतू त्या वाटेने गेला.

तिचा पू दोनदा काढावा लागला. पहिल्या वेळेनंतर दहा-बारा दिवसांनी गळू परत भरलं. आम्ही फार घाबरलो होतो, पण दुसऱ्यांदा काढल्यावर ते बसलं. नंतर हृदयाचं ऑपरेशन झालं. आता ती नववीत आहे. हृदयाचा आजार असलेलं मूल असेल त्यांनी दातांच्या डॉक्टरकडे दर सहा महिन्यांनी जाच.

सावलीरेघ
गोदाकाठ, परत भरणं अनपेक्षित नाही. म्हणूनच साधारण दोन आठवड्यांनी स्कॅन करतात.

कृष्णाकाठ, तुमच्या कडीच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं. कडी जायला महिने लागतात. तीन महिन्यांनीही स्कॅनच्या वेळी शिरेतून दिलेला रंग घेतलेली बारीक कडी मला दिसते आणि रुग्ण कामावर असतो. आवरण भरून येताना तिथे नव्या रक्तवाहिन्या असतात, त्या रंग घेतात. त्यामुळे कडी जाईपर्यंत औषध द्यायचं म्हटलं तर कुणाचंच औषध बंद होणार नाही. मी तीन गोष्टी बघते: गळवाचा आकार उतरतोय का, भोवतीची सूज कमी झाली का, आणि डिफ्युजनवरचा मधला पांढरा भाग विझतोय का. 3.8 वरून 1.6 हे चांगलं आहे. कडी शिल्लक आणि मधला भाग विझलेला, तर मला काळजी नाही. विझलेला भाग पुन्हा पांढरा झाला तर मी स्वतः फोन करते.

जुनीपानं
थोडं विषयाबाहेर. ग्लासगोच्या विल्यम मॅकएवेन या शल्यविशारदाने 1876 मध्ये एका मुलाच्या मेंदूत गळू आहे हे ओळखलं, आणि तेही नेमक्या जागेसकट. स्कॅन नाही, क्ष-किरणसुद्धा नाहीत, ते 1895 मध्ये आले. वाचा कुठे अडते, अंगाची कोणती बाजू झटके देते, यावरून जागा काढली. घरच्यांनी ऑपरेशनला नकार दिला. मुलगा गेल्यावर मॅकएवेनने बघितलं तर पू त्याने सांगितलेल्या जागीच होता. 1893 पर्यंत त्याने 19 जणांच्या मेंदूतली गळवं उघडली होती, त्यातले 18 वाचले. प्रतिजैविकं तेव्हा नव्हतीच. किल्लीचं नाव न येणं हा तुमच्या आईने टिपलेला पुरावा त्याने वहीत लिहून घेतला असता.

तर्कशुद्ध
प्रतिजैविकांशिवाय 18 जण वाचले, तर मग सहा आठवडे औषध कशाला?

शल्यकर्मी
कारण 18 हा एका असामान्य माणसाचा आकडा आहे. इतरांच्या हातात तसं होत नव्हतं. पेनिसिलिन आल्यावरही 1970 च्या दशकापर्यंत मृत्यूचं प्रमाण तीस-चाळीस टक्क्यांच्या आसपास असायचं. सीटी स्कॅन आल्यावर ते बरंच उतरलं, कारण पू कुठे आहे आणि परत भरतोय का, हे दिसायला लागलं.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. टीबीचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे. पिक लाइन टाकली, आक्का, भाऊ तुम्हाला नमस्कार सांगतोय. पुवाला वास होता का विचारलं, तर ओटीतल्या मामांनीच सांगितलं की खिडकी नसलेल्या खोलीत उभं राहवत नव्हतं.

आता चौथा आठवडा संपला आणि नवीन काहीतरी सुरू झालंय. दोन दिवस तळपायांना मुंग्या येतात, चप्पल पायात आहे की नाही कळत नाही म्हणतो. आणि घरात उजवीकडे सारखा आपटतो. फडताळाचं उघडं दार त्याला दिसलंच नाही, कपाळाला लागलं. गळू परत भरतंय का?

शल्यकर्मी
दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, पण दोन्ही आजच तुमच्या डॉक्टरांना सांगा.

तळपायाच्या मुंग्या मेट्रोनिडॅझोलच्या असू शकतात. दिवसाला दीड ग्रॅम, अठ्ठावीस दिवस, म्हणजे एकूण 42 ग्रॅम. साधारण याच्या पुढे गेलं की नसांना त्रास व्हायची शक्यता वाढते. लहान मेंदूवरही परिणाम होतो. बोलणं जड होतं, चालताना तोल जातो, आणि एमआरआयमध्ये लहान मेंदूच्या दोन्ही बाजूंना सारख्या खुणा दिसतात. घरच्यांना वाटतं आजार उलटला. औषध थांबवल्यावर या गोष्टी बहुतेकांच्या सुधारतात, पायांच्या मुंग्यांना मात्र वेळ लागतो. थांबवायचं तर हवेशिवाय जगणाऱ्या जंतूंसाठी दुसरं काहीतरी द्यावं लागेल, बहुधा मेरोपेनेम. ते तेच ठरवतील. तुम्ही आपणहून डोस चुकवू नका.

परत भरण्याची चिन्हं निराळी असतात: डोकेदुखी पुन्हा वाढणं, गुंगी, शब्द पुन्हा अडकणं, फिट. अचानक भयंकर डोकं दुखून मान ताठली तर रात्र असली तरी निघायचं.

सावलीरेघ
आणि उजवीकडे आपटणं हे नजरेचं असावं. डोळ्यांकडून मागे जाणाऱ्या काही तारा टेम्पोरल भागातून वळसा घेतात. डावीकडच्या दुखावल्या की दोन्ही डोळ्यांना उजवीकडचा वरचा कोपरा दिसत नाही. फडताळाचं दार नेमकं तिथेच असतं. त्याला स्वतःला ते कळत नाही, कारण समोरचं वाचता येतं. नेत्रतज्ज्ञांकडे नजरेच्या क्षेत्राची तपासणी करून घ्या.

वाटसरू
म्हणजे मोटारसायकल बंदच?

शल्यकर्मी
फिट येऊन गेलेली आहे, फिटची औषधं चालू आहेत, त्यात नजरेचा कोपरा गेलेला. काही महिने तरी बंदच. ट्रॅक्टर, विहीर, एकट्याने पोहणं, हेही.

कृष्णाकाठ
सांगितलं. मेट्रोनिडॅझोल आणि सेफ्ट्रिॲक्सोन दोन्ही थांबवून मेरोपेनेम सुरू केलं आहे, दिवसातून तीनदा. स्कॅनमध्ये गळू 1.1, मधला पांढरा भाग जवळपास विझलाय, लहान मेंदू ठीक आहे. नजर तपासली, उजवीकडचा वरचा भाग खरंच कमी आहे.

आता कानाच्या ऑपरेशनवरून दोन मतं पडली आहेत. मेंदूचे डॉक्टर म्हणतात सहा आठवडे पूर्ण होऊ देत. कानाचे डॉक्टर म्हणतात तो अॅडमिट असतानाच करून टाकू. काय करावं?

कानोसा
मी कानाच्या डॉक्टरांच्या बाजूने आहे. उगम तसाच ठेवून वरचं औषध देत राहायचं, हे मला पटत नाही. कोलेस्टिएटोमाची पिशवी आत असेपर्यंत त्या कानातून पुन्हा जंतू जाऊ शकतात. शुद्धीत आहे, ताप नाही, गळू उतरतंय, मग भूल द्यायला हरकत काय? पू काढतानाच कानामागचं मास्टॉइड हाड साफ करणारेही आहेत.

शल्यकर्मी
माझं मत थोडं वेगळं. अजून सूज आहे, नुकतंच औषध बदललंय. कानाचं ऑपरेशन लांबतं, त्यात छताचं हाड गेलेलं असेल तर मेंदूच्या आवरणालाच हात लागतो. दोन आठवडे थांबल्याने फार बिघडणार नाही, पण थांबणं म्हणजे विसरणं नव्हे. औषधं संपली, बरं वाटलं, शेतीची कामं निघाली आणि कान राहून गेला, अशी माणसं वर्षाने नव्या गळवासकट आली आहेत. डिस्चार्जच्या आधी कानाच्या ऑपरेशनची तारीख कागदावर घ्या.

कानोसा
तारीख कागदावर असेल तर मी दोन आठवड्यांवर वाद घालत नाही. पण कुठल्याही दिवशी केलं तरी त्याआधी कानाच्या हाडाचा बारीक कापांचा सीटी झालाच पाहिजे. छताला भोक किती मोठं आहे, आतल्या कानाचं हाड शाबूत आहे का, चेहऱ्याची नस उघडी पडली आहे का, हे त्यात दिसतं. आणि उजवा कानही दुर्बिणीने बघायला सांगा. एका बाजूला पडदा आत ओढला गेला असेल, तर दुसऱ्या बाजूलाही पुष्कळदा तेच चाललेलं असतं, फक्त अजून वाहायला लागलेलं नसतं.

कृष्णाकाठ
सीटी उद्या सकाळी आहे. उजव्या कानाचं कुणी बोललंच नव्हतं, राउंडला आले की विचारतो.